दिवसाला पाणी किती प्यायचं, याचा घरच्या घरी हिशोब

आठ ग्लास पाण्याचा नियम कुठून आला, असं विचारलं तर बहुतेक अभ्यासक १९४५ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने लिहिलं, की प्रौढ माणसाला बहुतेक वेळा दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य आहे. त्याच परिच्छेदात पुढे असंही होतं, की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातच असतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं आणि दुसरं तिथेच राहिलं. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने २००२ साली आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोधून पाहिला, तेव्हा निरोगी माणसासाठी तसा आधार त्यांना सापडला नाही.

पुढे २०२२ मध्ये २३ देशांतल्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांच्या शरीरातून रोज किती पाणी ये-जा करतं, हे मोजलं गेलं. वय, वजन, कष्ट आणि हवामान यांनुसार हा आकडा इतका बदलतो, की सगळ्यांसाठी एकच मोजमाप ठरवण्यात अर्थ नाही. तेव्हा आपला आकडा आपणच काढायचा. त्याला एक वजनकाटा आणि खुणा केलेली लिटरची बाटली पुरते.

आधी भांडं मोजा

घरात 'ग्लासभर' म्हणजे किती, यावर नवरा-बायकोचंही एकमत नसतं. स्टीलचं फुलपात्र साधारण दीडशे मिलिलिटरचं असतं, काचेचा ग्लास दोनशेचा, आणि हल्ली मिळणाऱ्या उंच ग्लासांत साडेतीनशेसुद्धा मावतं. म्हणजे 'आठ ग्लास' हे कुणासाठी सव्वा लिटर होतं आणि कुणासाठी पावणेतीन लिटर. म्हणून रोजच्या वापरातली भांडी एकदा बाटलीने मोजून घ्या. यापुढे मी ग्लास म्हणेन तो दोनशे मिलिलिटरचा.

मग ताटातलं पाणी मोजा

शरीरातून पाणी चार वाटांनी जातं. दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी झाली तर ते अगदी ठीक. श्वासातून आणि त्वचेतून आपल्या नकळत साधारण आठशे मिलिलिटर उडून जातं आणि शौचातून दीडशेच्या आसपास. राहिला घाम, आणि सगळा फरक पडतो तो त्याच्यामुळे. डिसेंबर-जानेवारीत, कर्वेनगरात राहून नोकरी करणाऱ्या ५८ किलो वजनाच्या शिक्षिकेचा घाम अडीचशे मिलिलिटर धरला, तर तिच्या शरीराचा खर्च होतो सुमारे दोन लिटर सातशे.

आता जमेची बाजू पाहू. अन्न जाळताना शरीर स्वतःच अडीचशे मिलिलिटरच्या आसपास पाणी तयार करतं. सकाळच्या बशीभर पोह्यांत नव्वदेक मिलिलिटर असतं. दिवसभरात चार पोळ्या खाल्ल्या तर त्यांत पन्नासच, कारण पोळी तशी कोरडीच. शिजलेल्या भाताचं मात्र जवळजवळ सत्तर टक्के वजन पाण्याचं असतं, त्यामुळे दोन्ही वेळचा मिळून तीनशे ग्रॅम भात दोनशे मिलिलिटर देतो. दोन वाट्या आमटीतून अडीचशे, दोन वाट्या भाजीतून दीडशेहून थोडं जास्त, काकडीच्या कोशिंबिरीतून नव्वद आणि पपईच्या चार फोडींतून सव्वाशे. खाण्यातलं सगळं मिळून साडेनऊशेच्या पुढे जातं. त्यात दोन कप चहा आणि ग्लासभर ताक धरलं, तर आणखी चारशे ते साडेचारशे.

शरीरात तयार झालेलं पाणी धरून ही बेरीज सुमारे एक लिटर साडेसहाशे होते. खर्चातून ती वजा केली, की उरतं एक लिटर आणि थोडं वर. म्हणजे पाच ग्लास. त्यासाठी बाईंना फोनवर दर तासाला घंटी लावायची गरज नाही. जेवताना एक-दोन भांडी पाणी आणि मधे तहान लागेल तेव्हा घोट घेतले, तरी ते भरून निघतं.

हाच हिशोब सकाळी टोस्ट, दुपारी कोरडा पराठा आणि रात्री पिझ्झा खाणाऱ्या तिच्या मुलासाठी केला, तर ताटातलं पाणी निम्म्यावर येतं आणि प्यायचं पाणी तेवढंच वाढतं. परदेशी तक्त्यांत अन्नातून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा बहुधा पाचवा हिस्सा धरलेला असतो. आमटी-भात खाणाऱ्या घरात तो त्याहून जास्त असतो. ते आकडे आपल्याला मोठे वाटतात, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं, की अमेरिकेत पुरुषांसाठी ३.७ आणि बायकांसाठी २.७ लिटर, तर युरोपात अडीच आणि दोन लिटर, असे जे आकडे सांगितले जातात, ते अन्न, चहा आणि दूध सगळं धरून असतात. आपल्याकडचे संदेश मात्र ते नुसत्या पाण्याचे म्हणून पुढे धाडले जातात.

चहा जमेत धरला म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. चहाने शरीर कोरडं पडतं, हा समज जुना आहे. कॅफीनमुळे लघवी थोडी वाढते, पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. दोन-चार कप चहातलं पाणी बव्हंशी अंगी लागतं. चहाविषयी तक्रार करायचीच असेल, तर साखरेची करा.

सकाळच्या तीन खुणा

हिशोब बरोबर आला का, हे शरीरालाच विचारता येतं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत वजन करा. आठवडाभरात आपलं नेहमीचं वजन कळतं. एखाद्या सकाळी ते त्याहून एक टक्का किंवा जास्त खाली असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसात सहाशे ग्रॅम, तर ती पहिली खूण. लघवी नेहमीपेक्षा गडद आणि थोडी असेल तर दुसरी. तहान लागलेली असेल तर तिसरी. एकच खूण दिसली तर फार मनावर घेऊ नका. दोन दिसल्या तर पाणी बहुधा कमी पडतंय, आणि तिन्ही दिसल्या तर नक्कीच.

लघवीच्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सध्या कार्यालयांच्या स्वच्छतागृहांतही त्याचे तक्ते लागलेले दिसतात. पहाटेची पहिली लघवी गडदच असते. रात्रभर पाणी प्यायलेलं नसताना मूत्रपिंडं ते राखून ठेवतात, यात बिघाड काही नाही. दुपारचा रंग पाहा. तो लिंबू सरबतासारखा फिकट पिवळा असला की झालं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, क्षयावरच्या रिफाम्पिसिनने केशरी-लाल आणि काहींना बिटाच्या कोशिंबिरीने गुलाबी. त्या दिवशी रंगावरून निष्कर्ष काढू नका. आणि लघवी दिवसभर पाण्यासारखी पांढरी स्वच्छ हवी, हा हट्ट तर अजिबात नको. तिचा अर्थ इतकाच, की जादा प्यायलेलं पाणी शरीर बाहेर टाकतंय.

तहान लागली म्हणजे उशीर झाला, असंही ठासून सांगितलं जातं. प्रत्यक्षात रक्ताचा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला, की मेंदू तहानेची जाणीव करून देतो. निरोगी तरुण माणसात शरीराच्या कामात अडथळा येण्याच्या बऱ्याच आधी हे घडतं. तहान हीच मुळात वेळेवर मिळालेली सूचना आहे. ती कुणाची बोथट होते, ते पुढे सांगतो.

उन्हाळ्यातला घाम: सिंहगडावरचं मोजमाप

पुण्याचा उन्हाळा फसवा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते, की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. माणूस म्हणतो, 'मला घामच येत नाही,' आणि संध्याकाळी त्याच्या काळ्या शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात. जूनमध्ये हवा दमट झाली, की तोच घाम न उडता ओघळतो आणि आता फार घाम येतोय असं वाटतं. त्यामुळे घामाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये, तो काट्यावर घ्यावा.

कृती सोपी आहे. श्रम सुरू करण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा. मधल्या वेळात जे पाणी प्याल ते मोजून प्या. परत आल्यावर अंग कोरडं करून, ओले कपडे बदलून पुन्हा वजन करा. वजनातली घट अधिक प्यायलेलं पाणी वजा मधे झालेली लघवी, म्हणजे तुमचा घाम. एक किलो म्हणजे एक लिटर धरायचं. श्वासातून गेलेलं थोडं पाणीही यातच मोजलं जातं, पण कामापुरतं हे गणित पुरेसं आहे.

समजा, एक तिशीतला मुलगा एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. पायथ्याशी गाडीत काटा ठेवलाय. निघताना वजन ७१.६ किलो. वर-खाली मिळून अडीच तास लागले, त्यात त्याने आठशे मिलिलिटर पाणी प्यायलं, मधे लघवी नाही. खाली आल्यावर वजन ७०.४. घट १.२ किलो, त्यात प्यायलेलं ०.८ मिळवलं की घाम दोन लिटर. म्हणजे तासाला आठशे मिलिलिटर. (गडावर पिठलं-भाकरी खाल्लीत तर हे गणित मोडतं, कारण तेही काट्यावर चढतं. मोजायच्या दिवशी ती उतरल्यावर खावी. मला ठाऊक आहे, हा सल्ला कुणी पाळणार नाही.)

आता याचा अर्थ लावू. त्याचं वजन १.७ टक्क्यांनी उतरलं. साधारणपणे दोन टक्क्यांपर्यंतची घट शरीर चालवून घेतं. त्यापुढे उन्हात दम लवकर लागतो आणि नाडी वाढते. म्हणजे त्याने जेवढं प्यायलं ते ठीकच होतं. घामाचा थेंबन् थेंब चढतानाच भरून काढायची गरज नसते. उरलेलं सव्वा लिटर, आणि त्यानंतर लघवीवाटे जाणारं थोडं धरून दीड लिटरपर्यंत, पुढच्या चार-पाच तासांत जेवण, ताक आणि पाणी यांतून सावकाश भरून येतं. आमटीतलं, ताकातलं आणि लोणच्यातलं मीठ गेलेल्या मिठाची जागा घेतं, त्यासाठी वेगळी पूड विकत आणायला नको.

पण दुसऱ्या एखाद्याचं वजन तीन टक्के उतरलं असेल, तर पुढच्या वेळी त्याने पाण्याची बाटली मोठी न्यावी. आणि तिसऱ्या कुणाचं वजन परत आल्यावर *वाढलेलं* असेल, तर ते सर्वांत काळजीचं.

जास्त प्यायलं तर काय होतं

निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पाणी आत आलं, तर रक्तातलं सोडियम विरळ होतं. ते १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असायला हवं. झपाट्याने खाली आलं, की पाणी पेशींत शिरून त्या सुजतात. इतर अवयवांना फुगायला जागा असते, कवटीच्या आतल्या मेंदूला नसते. म्हणून आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस असंबद्ध बोलतो, आणि शेवटी फिट येते.

दीर्घ श्रमांत ही मर्यादा आणखी खाली येते. श्रम, वेदना आणि मळमळ यांमुळे व्हासोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. बाहेर पडायची वाट अरुंद झालेली असताना माणूस वरून ओततच राहतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यांत बळी पडायची शक्यता सर्वाधिक कुणाची होती? धावताना वजन वाढलेल्यांची आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांची. जोरात पळणाऱ्याला पाणी प्यायला वेळच नसतो. सावकाश जाणारा मात्र प्रत्येक टेबलापाशी थांबून ग्लास रिकामा करतो. पुण्यातल्या शर्यतींत पहिल्यांदाच ४२ किलोमीटरला उतरणाऱ्यांनी आणि दिवसभराच्या ट्रेकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तहान नसताना 'पुढे मिळेल न मिळेल' म्हणून पिऊ नका.

ओआरएस घातलेलं पाणी कितीही प्यायलं तरी चालतं, असंही समजू नका. त्यात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, रक्तातल्याच्या जेमतेम निम्मं. सरबतं आणि खेळाडूंसाठीची बाटलीबंद पेयं तर त्याहूनही विरळ असतात. पाण्यापेक्षा ती सोडियम हळू उतरवतील एवढंच. जुलाब-उलट्यांत ओआरएस अमूल्य आहे, पण तेव्हाही पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचं.

घोटाळा असा, की ऊन लागलेला आणि पाणी जास्त झालेला माणूस वरवर सारखेच दिसतात. दोघांचंही डोकं दुखतं आणि दोघांनाही मळमळतं. भोवतालचे लोक लगेच बाटली पुढे करतात. म्हणून दोन प्रश्न आधी विचारा: किती प्यायलास, आणि तहान आहे का? बराच वेळ भरपूर पाणी प्यायलंय, तहान नाही, पोट डचमळतंय, बोटातली अंगठी घट्ट झालीय, असं असेल तर पाणी थांबवा. माणूस नीट शुद्धीत असेल तर खारे शेंगदाणे किंवा वेफर्स द्या आणि लघवी होईपर्यंत बसवून ठेवा. बोलणं भरकटतंय, सारख्या उलट्या होताहेत किंवा फिट आलीय, तर सरळ रुग्णालय गाठा आणि 'पाणी खूप प्यायलाय, सोडियम तपासा' हे वाक्य तिथे आधी सांगा.

घरात बसून सोडियम उतरतं ते असं

मॅरेथॉन पळणारे तसे थोडे. माझ्या पाहण्यात सोडियम उतरलेली माणसं बहुधा सत्तरीच्या आसपासची असतात, आणि त्यांनी घराबाहेर पाऊलही टाकलेलं नसतं. एक नमुना सांगतो. बहात्तर वर्षांच्या आजी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी थायझाइड जातीची गोळी बरीच वर्षं चालू. कुणीतरी पाठवलेला संदेश वाचून पहाटे अनशापोटी तांब्याच्या भांड्यातलं लिटरभर पाणी आणि दिवसभरात आणखी तीन लिटर, असा नेम सुरू केला. त्याच सुमारास पचत नाही म्हणून रात्रीचं जेवण सोडून चहा-खारी. दोन-तीन आठवड्यांत त्या गळून गेल्या, चालताना तोल जाऊ लागला, एका सकाळी नातवाला भलत्याच नावाने हाक मारली. घरच्यांना वाटलं विस्मरण सुरू झालं. तपासलं तर सोडियम १२१.

चार लिटर पाणी तरुण माणूस सहज पचवतो. आजींना का जमलं नाही? मूत्रपिंडं निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. लघवीच्या प्रत्येक लिटरमध्ये थोडं मीठ आणि युरिया जावाच लागतो, आणि तो येतो जेवणातून, विशेषतः डाळ, दूध, अंडी यांसारख्या प्रथिनांतून. चौरस जेवणाऱ्याकडे दहा-बारा लिटर लघवीपुरता माल असतो. चहा-खारीवर राहणाऱ्याकडे तो निम्म्याहून कमी होतो. त्यात थायझाइडची गोळी लघवी पातळ करण्याची ताकदच कमी करते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि पाणी आत साठलं. कडक उपासाच्या दिवशी पोट भरावं म्हणून लिटरांनी पाणी पिणाऱ्यांच्या बाबतीतही हेच होऊ शकतं.

अशा वेळी घरी चमचाभर मीठ खाऊ घालण्याचा मोह होतो. तसं करू नका. आठवड्यांत हळूहळू उतरलेलं सोडियम एकदम वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टर ते चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. गोळी बदलणं आणि पाणी किती दिवस, किती कमी करायचं हे ठरवणं, दोन्ही त्यांनीच करावं. घरी वृद्ध माणूस थायझाइड किंवा नैराश्यावरच्या गोळ्या घेत असेल, तर वर्षातून एकदा आणि गोळी नवी सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत सोडियम तपासून घ्यायला डॉक्टरांना विचारा.

सकाळच्या पाण्याला माझा विरोध नाही. भांडंभर पाणी पिऊन पोट साफ होत असेल तर जरूर प्या. पण त्याने 'शरीरातली विषं धुतली जातात' हे खरं नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि लिटरभर पाणी एकदम ओतल्याने त्यांचा वेग वाढत नाही. जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस विरळ होऊन अन्न पचत नाही, हाही गैरसमजच. आमटी तरी मग कशी पचली असती?

ज्यांनी तहानेवर विसंबू नये

वय वाढलं की तहान मंदावते, म्हणून उन्हाळ्यात ज्येष्ठांना घड्याळाप्रमाणे द्यावं लागतं: सकाळी चहाबरोबर एक फुलपात्र, अकराला ताक, प्रत्येक जेवणासोबत एक, चारला सरबत, सातला एक. आठशे-नऊशे मिलिलिटर असं होतं आणि बाकीचं जेवणातून येतं. एकदम चार लिटरचा नेम लावण्यापेक्षा हे बरं. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करणारे बरेच जण असतात. त्यांनी दिवसाचा वाटा दुपारीच पुरा करावा.

मूतखडा होऊन गेलेल्यांचं गणित उलटं आहे. त्यांनी प्यायलेलं नव्हे, *झालेलं* मोजायचं. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी, आणि पुण्याच्या मे महिन्यात त्यासाठी साडेतीन लिटर किंवा जास्तही प्यावं लागू शकतं. सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली लघवी सोडून द्या आणि त्यानंतरची, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्यासकट, जुन्या पाच लिटरच्या डब्यात साठवून पातळी पाहा. अडीच लिटरच्या खाली भरली तर पाणी वाढवा, मुख्यतः रात्री झोपण्याआधी, कारण लघवी सर्वांत दाट होते ती झोपेत.

हृदय कमजोर असलेले, डायलिसिसवर असलेले किंवा यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालेले, यांना डॉक्टरांनी दिवसाला एक-दीड लिटरची मर्यादा घातलेली असते. त्यांनी हा सगळा लेख बाजूला ठेवून तीच पाळावी. फक्त त्यात नुसतं प्यायचं पाणी मोजायचं, की आमटी, ताक, चहा आणि कलिंगडही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. बहुतेक घरांत मर्यादा मोडते ती इथेच.